चौदा महिने रोज मेल येत होती आणि कुणी वेळ बघितली नाही

गोदामात माल असताना आमच्या रात्रीच्या जॉबने साठा शून्य लिहिला. त्यावर आज मला कुणी "अचानक झालं" म्हणालं तर माझं डोकं फिरेल. काहीही अचानक झालेलं नाही. चौदा महिने मुंगीच्या पावलांनी चालत आलं आणि आमच्यापैकी एकानेही मान वर करून बघितलं नाही.

आमच्याकडे स्टॉक जुळवणीचा जॉब रात्री १ वाजता सुटतो. दिवसभराची चलनं आणि गोदामांची नोंद तो ताडून बघतो आणि सकाळी विक्रीवाल्यांना दिसणारा शिल्लक साठा लिहितो. ज्या शाखांचा डेटा उशिरा येतो, त्यांच्यासाठी तीच स्क्रिप्ट पहाटे ५ वाजता पुन्हा सुटते. म्हणजे पहिल्या रनला मोकळे मिळतात चार तास, २४० मिनिटं. त्यापुढे एक मिनिटही नाही, कारण स्क्रिप्टची पहिलीच ओळ कच्च्या टेबलावर `TRUNCATE` चालवते, म्हणजे ते पार रिकामं करते. ठरल्या वेळी जॉब सोडणाऱ्या क्रॉनला विचाराल तर तो फक्त घड्याळ बघतो. आधीचा रन संपला का, हे तो तपासत नाही.

३१ ऑगस्टच्या रात्री पहिला रन २४७ मिनिटं चालला. पाच वाजता दुसरा सुटला आणि पहिल्याच्या दोन टप्प्यांमधल्या फटीत त्याने कच्चं टेबल रिकामं केलं. पहिल्याचा शेवटचा टप्पा त्या रिकाम्या टेबलावर चालला आणि उरलेल्या मालापुढे शून्य लिहून मोकळा झाला. एरर नाही, एक्झिट कोड ०, "जॉब यशस्वी" अशी मेलसुद्धा गेली. सकाळी गोदामात माल रचलेला आणि पोरं दुकानदारांना फोनवर सांगतायत की माल नाही. सात मिनिटांपायी!

आणि वर मीटिंगमध्ये प्रश्न काय, तर "काल काय बदललं?" अरे, काल काहीच बदललं नाही!

मी जुना हिशेब काढायला बसलो तर लॉगच नाही. स्क्रिप्टचा लॉग `>>` ऐवजी `>` ने लिहिलेला, म्हणजे रोज रात्री कालचा पुरावा आपल्याच हाताने पुसायचा. शेवटी त्या "जॉब यशस्वी" मेल कामी आल्या. सगळ्यांनी फिल्टर लावून एका फोल्डरमध्ये ढकलून दिलेल्या त्या मेलांवर रोजची वेळ छापलेली होती. सुरुवात ठरलेली १ वाजता, मेल आली की शेवट. एका दुपारच्या कामात चौदा महिन्यांचा तक्ता तयार झाला. महिन्यातल्या रात्री लहान ते मोठी अशा ओळीने लावल्या तर गेल्या वर्षीच्या जूनमध्ये मधली रात्र ९२ मिनिटांची होती. डिसेंबरात १३१. यंदाच्या जूनमध्ये १८७. ऑगस्टमध्ये २१५.

हे आकडे बघून मला रडू यायचं बाकी होतं. महिनाअखेरीला हा जॉब नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त घेतो, हे ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ आहे. मग जूनमध्येच १८७ मध्ये ३० मिळवले असते तर २१७ झाले असते. उरली २३ मिनिटं. डिसेंबर ते जून वाढ महिन्याला नऊ-साडेनऊ मिनिटांची. २३ भागिले साडेनऊ, म्हणजे अडीच महिन्यांच्या आत. ऑगस्टअखेर! चौथीतल्या पोराला जमेल असा भागाकार, आणि तो करायला आमच्याकडे कुणाला वेळ नव्हता.

"पण अलर्ट लावलेला होता ना?" होता की. चार तासांच्या वर गेला तर वाजणारा. म्हणजे पाच वाजता वाजणार, दुसरा रन सुटायच्या त्याच क्षणी. तो लावताना मी बोललो होतो की मर्यादा नुसत्या वेळेवर नको, वाढीवर लावा. उत्तर मिळालं, कालच्याशी तुलना करणारा अलर्ट लावूया. तोही फुकट! रोजची खरी वाढ वीस-तीस सेकंदांची आणि रोजची चढउतार दहा-दहा मिनिटांची. कालच्याशी तुलना केली तर ही वाढ जन्मात दिसणार नाही. आठवड्याच्या सात रात्री घ्या, मधली निवडा, तिची चार आठवड्यांपूर्वीच्या मधलीशी तुलना करा, तेव्हा ती वर येते. आणि २४० मिनिटांची भिंत किती लांब आहे हे मोजताना मधली नाही, महिन्यातली सगळ्यांत लांबलेली रात्र धरा. टक्कर त्याच रात्री होते.

यासाठी कुठलंही महागडं टूल लागत नाही. एवढं पुरतं:

```
d=$(date +%F); s=$(date +%s)
/opt/batch/stock_match.sh
rc=$?
echo "$d,$(( $(date +%s) - s )),$rc" >> /var/log/stock_match.csv
exit $rc
```

हे वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. थेट क्रॉनटॅबमध्ये लिहिलं तर `%` तिथे ओळ तोडतो.

आता मलमपट्टी ऐका. दुसऱ्याच दिवशी वरून आदेश आला, एका वेळी एकच रन चालू देणारं कुलूप, `flock -n` लावा. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. पहिला रन चालू असेल तर दुसरा सुटतच नाही, आणि `flock -n` तोंडातून एक अक्षर न काढता एक्झिट कोड १ देऊन निघून जातो. छापलं काहीच नाही, म्हणून क्रॉनही मेल पाठवत नाही. पुढच्या महिनाअखेरीला उशिराच्या शाखांचा डेटा आलाच नाही आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. कुलूप हवंच, पण त्याच्यानंतर `||` घालून, म्हणजे तो फसला तर, निदान एक ओळ ओरडायला तरी लावा.

खरं दुखणं दुसरीकडेच होतं. ज्यांचा व्यवहार केव्हाच मिटलाय अशी जुनी चलनंही हा जॉब रोज रात्री नव्याने ताडून बघत होता. चौदा महिन्यांत ६२ लाख ओळींच्या झाल्या १ कोटी १० लाख. तेवढंच असतं तर ओळीमागचा वेळ तोच राहिला असता. पण लाख ओळींना आधी ८९ सेकंद लागायचे, आता ११७. डेटा वाढतोय आणि प्रत्येक ओळही महाग होतेय, याचा अर्थ आत काहीतरी बिघडलंय. क्वेरी आत काय करते ते दाखवणारं `EXPLAIN ANALYZE` चालवलं तर समोर `external merge Disk`. सॉर्ट मेमरीत मावेनासा होऊन डिस्कवर सांडत होता. म्हणूनच महिन्याची वाढ साडेसहावरून नऊवर आणि नऊवरून चौदावर गेली. मिटलेली चलनं वगळणारी एक अट घातली आणि जॉब ४१ मिनिटांवर आला. एक अट! वर्षभर!

मी म्हटलं, बाकीच्या अकरा जॉबनाही त्या पाच ओळी लावू. उत्तर आलं, "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" माझा संताप संताप झाला. त्याच फोल्डरमधून बिलिंगच्या मेल काढल्या. तो ११:३० ला सुटतो. गेल्या वर्षी १२:१० ला संपायचा, काल रात्री १२:५२ ला संपला. त्याच डिस्कवर आठ मिनिटांनी स्टॉकचा जॉब सुटतो आणि महिनाअखेर नऊ दिवसांवर आहे. तक्ता सगळ्यांना पाठवलाय. अजून कुणी उघडलेला नाही.