चांगल्या जुन्या गाड्या बाजारातून जातात कुठे?

नाशिकमध्ये सेकंड हॅण्ड गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो 'ओळखीतलीच बघ' हा. सल्ला योग्य आहे, पण त्याचे कारण आपण विक्रेत्यांच्या लबाडीत शोधतो आणि माझ्या मते तिथेच विचार अर्धवट राहतो. एकही विक्रेता खोटे बोलला नाही, सगळे नुसते गप्प राहिले, तरीही हा बाजार बिघडतो.

समजा, एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या, एमएच १५ पासिंगच्या तीन गाड्या विकायला आहेत आणि पॉलिश केल्यावर तिन्ही सारख्याच दिसतात. पहिली नीट सांभाळलेली आहे, दुसरीचे काही काम निघणार आहे आणि तिसरी अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंग करून उभी केलेली आहे. खरी स्थिती कळली तर ग्राहक त्यांना अनुक्रमे साडेचार, साडेतीन आणि अडीच लाख देईल. मालक त्याहून पंचवीस हजार कमी घ्यायला, म्हणजे सव्वाचार, सव्वातीन आणि सव्वादोन लाखांना द्यायला तयार आहेत. तिन्ही व्यवहार दोन्ही बाजूंच्या फायद्याचे आहेत.

पण कोणती गाडी कोणती, हे फक्त मालकाला ठाऊक असते. ग्राहक सरासरी धरतो आणि साडेतीन लाखांच्या वर जात नाही. सव्वाचारची अपेक्षा असलेला पहिला मालक गाडी विकण्याचा विचार सोडून देतो. ग्राहकही खुळा नसतो. या भावाला उत्तम गाडी कोणी देणार नाही हे ओळखून तो उरलेल्या दोघींची सरासरी काढतो आणि तीन लाखांवर येतो. आता दुसराही मालक निघून जातो. शेवटी अडीच लाखांना विकली जाते ती फक्त अपघातातली गाडी. तीनपैकी एकच गाडी खरोखर वाईट होती आणि कोणीही कोणाला फसवले नाही, तरी दोन चांगले व्यवहार बुडाले. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली हीच यंत्रणा मांडली आणि २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

आमच्या इंदिरानगरातील एका निवृत्त शिक्षकांची गाडी अशीच बाजारात न येता गेली. प्रत्येक सर्व्हिसचे बिल फाइलला लावलेले असताना त्यांना 'मार्केट रेट' सांगितला गेला तो सरसकट गाड्यांचा. त्यांनी ती निफाडच्या भाच्याला देऊन टाकली. भाच्याला गाडीची पूर्ण माहिती होती, म्हणून तो रास्त किंमत देऊ शकला. चांगल्या गाड्या जातात त्या अशा, नात्यात आणि ऑफिसातल्या सहकाऱ्यांत. ज्याची ओळख नाही त्याच्या वाट्याला उरलेल्या येतात, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

यावर उपाय विक्रेत्याच्या शब्दात नाही, कारण 'गाडी एकदम टकाटक आहे' हे वाक्य वाईट गाडीचा मालकही तितक्याच सहज उच्चारतो. अर्थ त्याच गोष्टीला आहे, जी चांगल्या गाडीच्या मालकाला स्वस्त आणि वाईट गाडीच्या मालकाला महाग पडते. इंजिन आणि गिअरबॉक्सची तीन महिन्यांची लेखी हमी ही अशी गोष्ट आहे. ग्राहकाने स्वतः निवडलेल्या मेकॅनिककडे गाडी नेऊ देणे ही दुसरी. वरच्या उदाहरणात प्रत्येक व्यवहारात पंचवीस हजारांचा फायदा होता. तपासणीचा खर्च त्याहून कमी असेल तोवर ती परवडते. मात्र मेकॅनिक विक्रेत्याने सुचवलेला असेल, तर तपासणी करूनही उपयोग नाही.

कागदांमध्ये मी विम्याची पॉलिसी आधी पाहतो. सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो, त्यामुळे सहा-सात वर्षांच्या गाडीवर तो शून्य दिसला तर कारण विचारलेच पाहिजे. पण हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. तो जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर नेता येतो, आणि रोख पैसे देऊन केलेली दुरुस्ती त्यात दिसत नाही. म्हणून सर्व्हिसच्या नोंदींतले किलोमीटर तारखेनुसार लावून पाहावेत: २०२२ च्या बिलावर ६१,००० आणि आज मीटरवर ४८,००० असतील, तर मीटर मागे फिरवले आहे.

आपल्याकडे आणखी एक शंका कायम ठेवावी लागते. गोदेचे पाणी दुतोंड्या मारुतीला लागते तेव्हा काठावरच्या गाड्याही पाण्यात जातात. अशा गाडीची सीट कव्हरे नवी असतात, पण सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला तर आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ सापडू शकते, आणि सीटच्या रुळांचे बोल्ट व स्टेपनीखालची जागा गंज दाखवते. विक्रेत्याने बेल्ट पूर्ण ओढू दिला नाही, तर भावाची बोलणी तिथेच थांबवावीत.