केक कापून आभार मानू नका

आज दुपारी ऑफिसच्या पँट्रीत केक कापला. ऐरोलीत आमच्या फायनान्स टीममधल्या चौघांना मंगळवारी काढलं आणि शुक्रवारी केक, वर क्रीमने ‘थँक यू टीम’. त्याआधी मोठ्या साहेबांचा मेल आलाच होता. तुम्हीच आमचे खरे हिरो, आपण एक कुटुंब, आणि तिमाहीचं क्लोजिंग वेळेत केल्याबद्दल खास आभार.

अहो, ते क्लोजिंग केलं कोणी? व्हेंडरची खाती रात्री अकरापर्यंत बसून ज्यांनी जुळवली, त्यांचंच लॉगिन मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बंद केलंत! त्यांच्या कामाचे आभार आम्हाला? आणि कुटुंब म्हणे. कुठल्या घरात माणसाला सामान खोक्यात भरायला वीस मिनिटं देतात? वर एचआरने केकचे फोटो टाकले. गेलेले चौघं अजून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत, त्यांनी ते बघितले असणारच.

मी आधी वागळे इस्टेटला एका कंपनीत होते. तिथेही एक अख्खा विभाग बंद झाला होता. आमचे तिथले साहेब दोन-तीन दिवस काहीच बोलले नाहीत. मग एका सकाळी स्टूल ओढून माझ्या टेबलाशी बसले आणि विचारलं, “त्यांचं काय काय तुमच्याकडे आलं? दाखवा.” मी एक्सेल उघडली. त्यांनी यादी वाचली आणि तीन रिपोर्टांवर बोट ठेवलं. “हे आजपासून बंद. कोणी मागितले तर माझं नाव सांगा.” आभार त्यानंतर मानले, तेही एका वाक्यात: “पेमेंटची यादी तुम्ही परत तपासलीत म्हणून दोनदा जाणारं बिल थांबलं.”

इतकंच. माझं काम त्यांना माहीत होतं, म्हणून ते आभार माझे होते. आजचा मेल कुठल्याही कंपनीत, कुठल्याही टीमला जसाच्या तसा पाठवता आला असता.

आणि त्याच मेलच्या शेवटच्या परिच्छेदात काय, तर ‘आता कमी माणसांत जास्त करून दाखवू’. म्हणजे आभार मानायचे आणि त्याच दमात चौघांचं काम आमच्या अंगावर टाकायचं. आमच्याकडे जे आलंय त्यातलं थांबवायचं काय, पुढे ढकलायचं काय, यावर अवाक्षर नाही. पाचशेचं गिफ्ट व्हाउचर मात्र आहे. त्यापेक्षा एक कॉम्प-ऑफ द्या ना.

बरं, मान्य. मॅनेजरच्या हातात सगळं नसतं, मेल वरून लिहून येतो, कोणाला का काढलं हे चारचौघांत सांगता येत नाही. नका सांगू. पण ‘हे क्लोजिंग आता इथे नसलेल्या लोकांनीही केलं’ एवढं लिहायला कोणता वकील अडवतो?

वागळेच्या साहेबांना मी तेव्हा घाबरत घाबरत विचारलं होतं, “सर, अजून कोणी जाणार का?” ते म्हणाले, “मार्चपर्यंतचं बजेट मी पाहिलंय, त्यात नाही. एप्रिलनंतरचं मलाच माहीत नाही. कळलं की तुम्हाला सांगेन.” त्या रात्री मला झोप लागली. आज हाच प्रश्न एकाने विचारला तर उत्तर मिळालं, “पॉझिटिव्ह राहा.” पंधरा मिनिटांत सगळे आपापला सीव्ही काढून बसले. ‘आता कोणी जाणार नाही’ असं खोटं सांगा असं मी म्हणत नाहीये. पुढच्या महिन्यात एक जरी गेला तरी त्या साहेबाचं पुढचं कुठलंच वाक्य कोणी खरं मानणार नाही.

अजून एक. राहिलेले लोक मेलपेक्षा गेलेल्यांचं काय झालं तेच बघत असतात. वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, कपातीत गेलेल्या माणसाचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा असं तिच्या कलम १७ मध्ये आहे. मंगळवारचे दोन दिवस काल संपले. आमच्या चौघांपैकी एकाच्याही खात्यात अजून दमडी नाही. केकचं बिल मात्र लगेच पास झालं, कारण ते माझ्याच टेबलावरून गेलं.

जाऊ दे. आमचा मॅनेजर माणूस वाईट नाही. केक कापताना त्याचाही चेहरा उतरला होता, सुरी हातात धरून नुसता उभा होता बिचारा. संध्याकाळी त्याला म्हटलं, सोमवारी माझ्या तिघांबरोबर बसते, आलेल्या कामांची यादी करते, तुम्ही त्यातली थांबवायची तेवढी सांगा. “बघू” म्हणाला. बघू तर बघू, यादी तरी होईल.

आणि ठाणे, ऐरोली, महापे पट्ट्यात अकाउंट्स पेयेबलची जागा असेल तर इनबॉक्स करा. सॅपवर काम केलेली चार माणसं आहेत. तिमाहीचं क्लोजिंग वेळेत करतात.