ती नक्षी ठशाची नाही

"इस्लाममध्ये चित्र काढायला बंदी. म्हणून त्यांच्याकडे कला वाढलीच नाही. भिंती भरायच्या म्हणून तीच ती नक्षी ठशासारखी उमटवायची, उरलेल्या जागेत अक्षरं लिहायची. माणूस काढायला डोकं लागतं, रेघा काय कोणीही मारेल. सर्वांना पाठवा."

हा मजकूर माझ्या भाचीच्या वर्गातल्या ग्रुपवर आला. ती नववीत आहे, इंटरमीजिएट परीक्षेची तयारी करते आहे. संकल्पचित्रासाठी तिने दहा टोकांच्या ताऱ्याची नक्षी निम्मी काढली होती. मैत्रिणीने "हे तर कोणीही करेल" असं म्हणून हा मजकूर दाखवला आणि तिने कागद फाडला. मी तीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवते, त्यामुळे मला हे सोडून देता येत नाही.

बंदीचं आधी उरकते. त्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, सजीवांची चित्रं काढणाऱ्यांबद्दल कडक शब्द आहेत, आणि मशिदीत किंवा कुराणाच्या पोथीत माणूस-प्राणी सहसा काढत नाहीत. पण ही रीत मुख्यतः धार्मिक जागांपुरती. जॉर्डनमधल्या कुसैर अम्रा या आठव्या शतकातल्या वास्तूच्या भिंतींवर शिकारी आणि स्नान करणाऱ्या स्त्रिया रंगवलेल्या आहेत. इराणी पोथ्यांमध्ये आणि मोगल लघुचित्रांमध्ये तर माणसांची गर्दी आहे. म्हणजे चित्र काढता येत नव्हतं म्हणून नक्षीकडे वळले, हे खरं नाही.

आता ठशाबद्दल, कारण कागद त्यामुळे फाटला.

दहा टोकांच्या ताऱ्यांच्या या नक्षीला फारसीत गिरीह म्हणतात, म्हणजे गाठ. पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. ती कशी उभी राहते ते स्वतः करून बघा. ए-फोर कागदावर मधोमध ३ सेंमी बाजूचा नियमित दशकोन काढा. त्यासाठी वर्तुळाची त्रिज्या साधारण ४.८५ सेंमी लागते आणि केंद्राशी दर ३६ अंशांवर खूण करायची. मग दशकोनाच्या प्रत्येक बाजूला ३ सेंमीचाच नियमित पंचकोन चिकटवा. दशकोनाचा कोन १४४ अंशांचा, पंचकोनाचा १०८ चा. एका कोपऱ्यावर एक दशकोन आणि दोन पंचकोन येतात: १४४ अधिक १०८ अधिक १०८, बरोबर ३६०. त्यामुळे शेजारचे पंचकोन एकमेकांना बाजूने बाजू लावून बसतात आणि दहाव्या पंचकोनाशी कडं बंद होतं. हा सगळा आराखडा फिक्या पेन्सिलीने काढायचा, कारण तो शेवटी पुसायचा आहे.

आता प्रत्येक बाजूचा मध्यबिंदू घ्या. तिथून बाजूशी ५४ अंशांचा कोन करून दोन रेघा आत सोडा, एक डावीकडे झुकलेली, एक उजवीकडे. शेजारच्या मध्यबिंदूवरून येणारी रेघ भेटली की थांबा. दशकोनात दहा टोकांचा तारा तयार होतो, प्रत्येक पंचकोनात पाच टोकांचा. आणि गंमत सीमेवर आहे. दोन्ही बाजूंना तोच ५४ अंशांचा कोन असल्यामुळे रेघ एका आकृतीतून दुसरीत न मोडता सरळ जाते. विरुद्ध कोन समान असतात, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. इथे ते डोळ्यांना दिसतं. आराखडा पुसला की बघणाऱ्याला नुसती वळत जाणारी पट्टी दिसते, तिला कुठे सुरुवात सापडत नाही.

चूक कुठे कळते? पहिल्या ताऱ्यात कळत नाही. पंचकोन एकाला लागून एक काढत गेलात आणि प्रत्येकाच्या कोनात अर्धा अंश जरी चुकला तरी फरक साचत जातो आणि दहावा पंचकोन बसतच नाही. एक तर फट राहते, नाहीतर तो शेजाऱ्यावर चढतो. ठसा मारणाऱ्याला ही अडचण कधी येत नाही. भाचीचा फाटलेला कागद मी जोडून पाहिला. तिची फट आठव्या पंचकोनापासून उघडत होती, म्हणजे ती खरंच रचत होती.

कारागीर असंच काम करत याचा पुरावा आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या संग्रहात पंधराव्या-सोळाव्या शतकातली नक्षीची गुंडाळी आहे, सुमारे २९ मीटर लांब, ११४ आकृत्यांची. शाईच्या रेघांखाली टोकदार अवजाराने नुसत्या कोरलेल्या बिनशाईच्या रेघा आहेत, तोच पुसायचा आराखडा. काही आकृत्यांत बहुकोनांच्या कडा लाल ठिपक्यांनी दाखवल्या आहेत. २००७ मध्ये पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की दशकोन, पंचकोन, लांबट षट्कोन, समभुज चौकोन आणि बो-टायच्या आकाराची फरशी अशा पाच आकृत्यांवरून या नक्षी उलगडतात. इस्फहानच्या दरब-ए-इमाम दर्ग्यावर (१४५३) मोठ्या आकृत्यांच्या आत त्याच जातीच्या लहान आकृत्या भरल्या आहेत. ती नक्षी भिंतीभर पसरूनही ठरावीक अंतरावर जशीच्या तशी परत येत नाही, जे ठशाला जमणारच नाही.

इथे उलट बाजूच्या मजकुरांनाही आवरते. "आधुनिक गणित त्यांना पाचशे वर्षं आधी ठाऊक होतं" असंही फिरतं. तसं म्हणता येत नाही. अशी परत न येणारी नक्षी ज्या नियमाने रचतात तो मोडून दरब-ए-इमामवर काही फरशा बसल्या आहेत, आणि असा नियम त्या कारागिरांनी लिहून ठेवल्याचा पुरावा नाही. त्यांच्याकडे हात, कंपास आणि बारीक नजर होती, तेवढं सिद्ध आहे.

राहिली अक्षरं. "उरलेल्या जागेत" हा शब्द ज्याने लिहिला त्याने बोरू हातात धरलेला नाही. दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक्ला याच्या नावावर अक्षरं मोजण्याची पद्धत सांगितली जाते. तिरक्या छाटलेल्या बोरूने कागदावर एक दाब दिला की पत्त्यांतल्या चौकटसारखा ठिपका उमटतो, तेच माप. अलिफ हे अरबीतलं पहिलं अक्षर, ती उभी रेघ ठरावीक ठिपक्यांची, सुलुस लिपीत साधारण सात, नस्खमध्ये पाच. अलिफला व्यास मानून वर्तुळ काढायचं आणि इतर अक्षरांचे बाक त्यावरून ठरवायचे. बोरू जाड घ्या किंवा बारीक, ठिपकाही त्याच मापाने बदलतो, म्हणून अक्षराचं अंग बिघडत नाही. नवशिका अक्षराशेजारी ठिपके मांडून आपली चूक शोधतो.

आणि दगडात तर काम आणखी कठीण. विजापूरच्या इब्राहिम रोज्यात, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या, काही खिडक्यांच्या जाळ्या अक्षरांच्याच आहेत. अक्षरं दगडाची ठेवली आणि मधली जागा आरपार कापून काढली. अशा जाळीत एकही अक्षर सुटं राहून चालत नाही. प्रत्येकाला शेजाऱ्याला किंवा चौकटीला कुठेतरी चिकटून राहावं लागतं, नाहीतर ते खाली पडेल, आणि तरीही ते वाचता यायला हवं.