सोनेतारण कर्ज: ८५ टक्के नेमके कशाचे?

"२४ ग्रॅमचं मंगळसूत्र ठेवा, आजच्या भावाच्या ८५ टक्के रक्कम लगेच हातात. व्याज महिन्याला फक्त एक टक्का, तेही वर्षाअखेर द्यायचं. सोनं वाढतच असतं, त्यामुळे धोका शून्य!"

अशा जाहिरातीतला ८५ टक्क्यांचा आकडा खोटा नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या घरगुती गरजेच्या कर्जाला ती कमाल मर्यादा आहे. तेवढं दिलंच पाहिजे असं बंधन मात्र कुणावर नाही. आणि खरी गोम आहे ती ८५ टक्के कशाचे, यात.

काट्यावर २४ ग्रॅम भरलं तरी काळे मणी आणि दोरा वजा होतात. ते ४ ग्रॅम धरू. उरलेल्या २० ग्रॅमचा कस दगडावर घासून, आम्ल लावून किंवा यंत्रावर बघतात. हॉलमार्क नसलेल्या जुन्या डागात जोडांचा डाख असतो, त्यामुळे '२२ कॅरेट' म्हणून घेतलेलं सोनं २० कॅरेटचं निघू शकतं. घडणावळ धरतच नाहीत. भावही आजचा नसतो: काल बंद झालेला भाव आणि गेल्या ३० दिवसांची सरासरी, यांतला जो कमी तो. समजा तो २२ कॅरेटला ग्रॅममागे ११,००० रुपये आहे. मग २० कॅरेटला १०,००० पडतात आणि मंगळसूत्राची किंमत होते २ लाख. घरी आपण २४ गुणिले ११,००० करून २ लाख ६४ हजार धरून बसलेलो असतो. ही तपासणी तुमच्यासमोर व्हायला हवी आणि कस, निव्वळ वजन, वजावट लेखी मिळायला हवी. त्याशिवाय डाग हातातून सोडू नका.

दोन लाखांचे ८५ टक्के म्हणजे १ लाख ७० हजार. पण व्याज वर्षाअखेर द्यायचं असेल, तर मुद्दल आणि व्याज मिळून या मर्यादेत बसावं लागतं. वर्षाला १२ टक्के दराने हातात येतात साधारण १ लाख ५१ हजार ८००. शिवाय 'महिना एक टक्का' हा दर काही योजनांत व्याज वेळेवर भरणाऱ्यालाच असतो. हप्ता चुकला की दर वर चढतो. म्हणून उशीर झाल्यास लागणारा दर आधी विचारा.

राहिला भाव वाढतच असल्याचा दावा. एप्रिल २०१३ मध्ये सोनं काही दिवसांतच कोसळलं होतं. आपल्या उदाहरणात वर्षाअखेर भाव २० टक्क्यांनी उतरला तर मंगळसूत्र १ लाख ६० हजारांचं राहतं आणि देणं असतं १ लाख ७० हजारांचं. फेड झाली नाही तर लिलाव. त्याची राखीव किंमत त्या वेळच्या मूल्याच्या किमान ९० टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार. तेवढ्यालाच विकलं गेलं, तर मंगळसूत्र जाऊनही २६ हजारांचं देणं उरतं. भाव चढा असेल तर लिलावातली जास्तीची रक्कम सात कामाच्या दिवसांत परत मिळायला हवी. पण लिलावाची नोटीस कर्जाच्या कागदावरच्या पत्त्यावर जाते. घर बदललं असेल तर शाखेत आधी तो बदलून घ्या.