भांडण पेटलं की थेट इंग्रजीत शिरा

नागपूरच्या मे महिन्यात घर थंड करायला कूलर लागतो. नवरा-बायकोतलं प्रेम थंड करायला तोही खर्च नको. ऐन मोक्याच्या मेसेजला मराठी सोडून इंग्रजीत शिरलं की झालं.

समजा, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. चार वाजता पोचतो म्हणालात आणि मिहानमधल्या ऑफिसातच अडकलात. रात्री बायको लिहिते, "काऊन आला नाहीस रे? आई सारखी विचारून राहिली होती." ह्या 'रे'मध्ये राग आहे, पण दारही उघडं आहे. ते ताबडतोब लावून घ्या. लिहा, "आय अंडरस्टँड युअर कन्सर्न. लेट्स डिस्कस टुमारो." बँकेच्या तक्रार विभागालाही इतकं नेटकं जमत नाही.

हे माझ्या पदरचं नाही. कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तुर्की मातृभाषा असलेल्या, इंग्रजी मागाहून शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले आणि त्वचेवरचा विद्युत प्रतिसाद मोजला. लहानपणी खाल्लेली बोलणी तुर्कीतून ऐकताना तो जास्त उसळला. म्हणजे मागाहून शिकलेली भाषा अंगाला कमी भिडते. तुम्हाला नेमकं हेच हवं आहे ना? लिहिताना तुम्हाला लाज कमी वाटते, आणि वाचताना तिला तुमची माफी.

एक धोका मात्र सांभाळा. इंग्रजी दरवेळी थंडच करते असं नाही. जे मराठीत तोंडातून निघतच नाही, नोकरी गेली, मन फार खचलंय, ते काहींना इंग्रजीतच लिहवतं. अशा वेळी तिनं इंग्रजी वापरली तर "साधं मराठीत बोल ना" असं आवर्जून टोका. पुन्हा कधी सांगायची नाही.

आणि कुठल्याही परिस्थितीत भाषांची वाटणी करू नका. "अगं, चुकलं माझं. आईला सांग, उद्या सकाळी येतो," हे आधी मराठीत, आणि डिस्चार्जची वेळ, पॉलिसी नंबर, बिलाचा आकडा खाली वेगळ्या मेसेजमध्ये इंग्रजीत, असं केलं की भांडण दहा मिनिटांत आटोपतं. मग रात्रभर करायचं काय?

प्रयोग साधला की नाही, हे तिच्या उत्तरावरून कळेल. शिव्या आल्या तर फसला; शिव्या मराठीत येतात आणि त्यांच्या पाठोपाठ "जेवला का?" येतं. 'रे' गळला, 'ना' गळला, आणि "नोटेड" एवढंच आलं, की साधला. त्याहून वरची पायरी म्हणजे तुमचं नाव आडनावासकट. ते दिसलं तर टाइप करणं थांबवा, खापरीहून मेट्रो पकडा आणि सीताबर्डीला गाडी बदलून शंकरनगरला उतरा. सासूबाईंच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ झालेलीच असेल.