सहा सहप्रायोजक आणि एक पट्टी

आमच्या सोसायटीच्या दिवाळी पहाटेचा फ्लेक्स दर वर्षी मीच करते. पोटापाण्यासाठी डिझाइनचं काम करते म्हणून, आणि सोसायटीकडून पैसे मागता येत नाहीत म्हणूनही. यंदा खजिनदार काकांनी सहा सहप्रायोजक मिळवले. प्रत्येकी पंचवीस हजार. पतसंस्था, सराफ, दूध डेअरी, बिल्डर, क्लासवाले सर आणि डोळ्यांचं हॉस्पिटल.

"अगं, फक्त खाली एका पट्टीत सहा लोगो टाकायचे," काका म्हणाले. "सगळ्यांनी सारखे पैसे दिलेत, तर सगळे सारखे दिसले पाहिजेत. पाच मिनिटांचं काम."

ज्याला स्वतःला करायचं नसतं ते प्रत्येक काम पाच मिनिटांचंच असतं.

लोगो आले. सराफांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. डेअरीने दुधाच्या पिशवीचा फोटो पाठवला, पिशवीत दूध होतं. हॉस्पिटलने वर्डच्या फाइलमध्ये चिकटवून दिला. क्लासवाल्या सरांकडे लोगो नव्हताच, हाताची घडी घातलेला स्वतःचा उभा फोटो होता. "विद्यार्थी मलाच ओळखतात," असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोडून काढण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. सगळं आखून, साफ करून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणेपर्यंत काकांची पाच मिनिटं तीन दिवसांची झाली होती. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

फ्लेक्स सोळा फुटी, म्हणजे १९२ इंच लांब. खालची पट्टी दीड फूट उंच. आता सारखं म्हणजे काय? काकांनी तत्काळ उत्तर दिलं, "उंची सारखी कर." मी सगळ्यांना दहा इंच उंची दिली. पतसंस्थेचं नाव एका ओळीत, उंचीच्या नऊपट लांब. त्यामुळे ते झालं ९० इंच, म्हणजे साडेसात फूट! जवळजवळ अर्धी पट्टी पतसंस्थेने जप्त केली, आणि शेजारी सराफांचा दहा इंची गोल हप्ते थकलेल्या कर्जदारासारखा अंग चोरून उभा राहिला.

"मग रुंदी सारखी कर," काका. केली, वीस इंच. आता पतसंस्था सव्वादोन इंच उंचीची मुंगी झाली आणि सर झाले तीन फुटी. ते पट्टीतून वर निघून थेट गायिकेच्या फोटोशेजारी हाताची घडी घालून उभे राहिले.

काकांनी "तुझं तू बघ" म्हणून चहा मागितला.

उंची नाही, रुंदी नाही, तर क्षेत्रफळ सारखं ठेवायचं, ही आमच्या धंद्यातली पहिली पायरी. गणित सातवीचं आहे. मी प्रत्येकाला १४४ चौरस इंच दिले, म्हणजे बारा बाय बाराचा चौकोन. लोगो उंचीच्या किती पट लांब आहे ते काढायचं, १४४ला त्या आकड्याने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं, की उंची मिळते. पतसंस्था नऊपट, म्हणून १४४ भागिले ९ म्हणजे १६, वर्गमूळ ४. उंची चार इंच, लांबी छत्तीस. हॉस्पिटल चौपट लांब, ते सहा बाय चोवीस. डेअरी आठ बाय अठरा. सर उंच आणि अरुंद, म्हणून त्यांची उंची सोळा इंच आणि रुंदी नऊ. सराफ आणि बिल्डर, दोघेही बारा बाय बारा.

पट्टी एकदम माणसात आली. लांबवाले बुटके झाले, उंचवाले सडपातळ झाले. मी खुर्चीत मागे रेलून कौतुकाने बघितलं आणि लक्षात आलं, सराफ अजूनही लहान दिसतायत. बारा इंच दिलेत, तरी लहान.

लोगोवर क्लिक केलं तेव्हा उलगडा झाला. निवडल्यावर कोपऱ्यांत जे काळे ठिपके येतात, ते गोलापासून चांगले लांब उभे होते. सराफांच्या पोराने पाठवलेल्या फाइलमध्ये गोलाभोवती पारदर्शक रिकामी जागा होती. डोळ्याला न दिसणारी, पण कोरलच्या हिशोबात पूर्ण धरलेली. मी १४४ चौरस इंच दिले होते ते या हवेसकट. म्हणून हे काम खरं तर सगळ्यात आधी करायचं असतं: लोगो शाईपर्यंत कापून घ्यायचा, मग मापं. वीस वर्षांच्या अनुभवानंतरही मी ते शेवटी करते, कारण प्रत्येक वेळी वाटतं, यंदा तरी लोकांनी फाइल नीट पाठवली असेल.

हवा कापली, गोल बरोबर बारा इंचांचा केला. तरीही शेजारच्या बिल्डरपुढे तो लहानच. याचं कारण मात्र भूमितीत आहे. बारा इंची चौकोनात बारा इंची गोल बसवला तर चार कोपरे रिकामे राहतात आणि गोलाच्या वाट्याला चौकोनाची सुमारे ७८ टक्केच जागा येते. बरोबरी करायची तर गोल साडेतेरा इंचांचा हवा. केला.

त्यातून बिल्डरचा लोगो म्हणजे गडद निळा भरीव ठोकळा, त्यात पांढरी अक्षरं. हॉस्पिटलचा म्हणजे केसाएवढ्या रेषांनी काढलेला एक डोळा आणि बारीक नाव. क्षेत्रफळ दोघांचं सारखं, पण एक डंबेल आणि दुसरा मोरपीस. अशा वेळी आम्ही लोक पट्टी काळीपांढरी करतो, म्हणजे लाल-पिवळ्याचा गोंधळ जातो, आणि मग ती धूसर करून बघतो. अक्षरं वाचता येईनाशी झाली की लोगोंचे नुसते करडे डाग उरतात, आणि जो डाग सगळ्यात गडद तो जड. कोरलमध्ये त्यासाठी सोय आहे. माझ्याकडे तीच सोय उणे साडेचार नंबरची आहे. मी चष्मा काढला.

चष्म्याविना पट्टीत फक्त दोघं दिसत होते, बिल्डर आणि सर. सरांचं वेगळंच. माणसाचा चेहरा दिसला की नजर आधी तिकडेच धावते, मग तो केवढाही असो. त्यांना सोळाचे चौदा इंच केले. बिल्डरचं क्षेत्रफळ पाव हिश्शाने उतरवलं, १४४चे १०८ चौरस इंच, म्हणजे बाजू बाराची दहा पूर्णांक चार. हॉस्पिटलचं पाचव्या हिश्शाने वाढवलं. या पाव आणि पाचव्या हिश्शाला कुठलंही सूत्र नाही. कमी करायचं, चष्मा काढायचा, बघायचं, चष्मा लावायचा. अकराव्या वेळी नवऱ्याने विचारलं, "डोळे दुखतायत का? आपल्या प्रायोजकांकडे दाखवून ये."

पतसंस्था तेवढी सूत्राला बधेना. चार इंचांत नाव फारच किरकोळ दिसायला लागलं. इतक्या लांबट लोगोला क्षेत्रफळाचा न्याय मानवत नाही. उपाय एकच, दोन ओळींतली आवृत्ती मागायची. परस्पर दुसऱ्याचं नाव मोडायचं नसतं, म्हणून फोन केला. व्यवस्थापक म्हणाले, "ताई, दोन ओळींसाठी संचालक मंडळाचा ठराव लागेल. बैठक तुळशीच्या लग्नानंतर आहे." मग मीच अधिकार वापरून त्यांना अर्धा इंच उंची वाढवून दिली. विनातारण.

आता सरळ रेषेत लावणं. कोरलमध्ये सगळे निवडून `E` दाबलं की सगळ्यांचे मध्य एका आडव्या रेषेत येतात. आले. आणि पट्टी वाकडी दिसायला लागली. कारण डेअरीच्या अक्षरांवर दुधाची मोठी धार उसळलेली, आणि कोरल मध्य काढताना ती धार मोजणार. त्यामुळे डेअरीचं नाव खाली घसरलेलं. हॉस्पिटलच्या नावाखाली बारीक अक्षरांत "दृष्टी तुमची, जबाबदारी आमची", म्हणून त्यांचं नाव वर चढलेलं. दोघं शेजारी, एक खुर्चीत बसतोय आणि एक उठतोय.

इथे मराठी अक्षरांचा एक फायदा असतो. आपल्या अक्षरांना शिरोरेषा आहे, आणि शब्दाचं सगळं वजन शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच्या पट्ट्यात असतं. वरच्या वेलांट्या, रफार आणि खाली लोंबणारे उकार डोळा मोजत नाही, कोरल मोजतं. म्हणून मी पट्टीच्या मधोमध एक आडवी खूणरेषा ओढली आणि प्रत्येक नावाच्या त्या पट्ट्याचा मध्य बाणाच्या कळीने टकटक करत तिच्यावर आणला. दुधाची धार गेली वर, जबाबदारी गेली खाली, नावं आली ओळीत. मग उरलेली रुंदी सात जागांत वाटली. प्रत्येक लोगोच्या कडेपासून पुढच्याच्या कडेपर्यंत पावणेअकरा इंच. मध्यापासून मध्यापर्यंत सारखं अंतर दिलं असतं, तर पतसंस्था दोन्ही शेजाऱ्यांच्या मांडीवर बसली असती.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी फ्लेक्स चढला. मी लांब उभी राहून चष्मा काढला. सहा करडे डाग, सगळे सारखे. एवढं समाधान मला सप्तकातल्या कुठल्याच सुराने दिलं नसतं.

तेवढ्यात बिल्डरसाहेब आले. बरोबर त्यांचा साइट इंजिनीअर, आणि त्याच्या हातात टेप.

"आमचा साडेदहाला कमी भरतोय," साहेब म्हणाले. "सराफांचा साडेतेरा. पैसे सारखेच ना?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी गोल-चौकोन सांगून बघितलं, भरीव-पोकळ सांगून बघितलं. चष्मा काढून बघा म्हटलं, तर त्यांना चष्माच नव्हता. शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"साहेब, सराफांचे साडेतेरा हे बिल्टअप आहेत," मी म्हटलं. "गोलाचे चार कोपरे म्हणजे बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी. तुमच्या ठोकळ्यात एक इंच वाया नाही, सगळं कार्पेट."

साहेबांचा चेहरा उजळला. इंजिनीअरने मान डोलावली. "म्हणजे त्यांना लोडिंग लावलंत!"

"आणि आधी तर त्यांच्या फाइलला भोवती हवा होती."

"ती सुपर बिल्टअप," साहेब समजुतीने म्हणाले. "रेरा आल्यापासून २०१६चा कायदा सांगतो, कार्पेटच धरायचं. बरोबर केलंत."

काकांनी सुटकेचा श्वास सोडला. इंजिनीअरने मात्र मोबाइल काढून काहीतरी आकडेमोड चालवली होती.

"मग सर, बेस कार्पेट १४४ आणि आपल्याला ताबा १०८चा. पंचवीस टक्के कमी."

साहेबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "सहा हजार दोनशे पन्नास होतात. आत्ता परत देताय, की पुढच्या वर्षीच्या वर्गणीत वळते करताय?"