स्नेहसंमेलनाची वेळ, बैठक व्यवस्था आणि वाहनतळ यांबाबत खुलासा

"कार्यक्रम चार वाजता आहे, आधी येईल त्याला पुढची रांग मिळेल आणि गाड्या मैदानातच लावायच्या आहेत."

हा संदेश निमंत्रण अर्धवट वाचून तयार झालेला दिसतो. चारची वेळ केवळ सहभागी विद्यार्थ्यांची असून, रंगभूषा आणि वेशभूषेसाठी त्यांना त्या वेळी वर्गशिक्षकांच्या स्वाधीन करायचे आहे. पालकांसाठी सभागृह पाचला उघडेल आणि दीपप्रज्वलन साडेपाचला होईल. पहिल्या दोन रांगा पाहुणे व पारितोषिक विजेत्यांसाठी राखीव आहेत. त्यामागे प्रवेशिकेच्या रंगानुसार विभाग केले असून, आधी येणाऱ्यास पसंतीची खुर्ची मिळेल ती आपल्या विभागापुरतीच. (रुमाल टाकून धरलेली जागा ग्राह्य मानली जाणार नाही, हेही सांगणे भाग आहे.)

मैदानात मात्र एकही वाहन लावू नये. रंगमंचामागचे दार तिथेच उघडते, नृत्य संपलेली लहान मुले त्याच वाटेने अंधारात वर्गाकडे परततात, आणि प्रसंग ओढवल्यास रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाची गाडी आत येण्यास दुसरा रस्ता नाही. चारचाकी वाहने मागील फाटकाने आत आणून, परतताना कोंडी होऊ नये म्हणून तोंड बाहेरच्या दिशेने ठेवून लावावीत. दुचाकींची सोय सायकल स्टँडजवळ आहे.